झोपेसाठीचा पेग आणि रात्री अडीचची जाग

झोपेसाठी रोज एक पेग घेणाऱ्या माणसाला आपण ‘पितो’ असं सहसा वाटतच नाही. त्याच्या हिशेबी ते औषध असतं. विचारलंत तर सांगेल, “घेतलं की पंधरा मिनिटांत डोळा लागतो,” आणि ते खरंही असतं. हाच माणूस दुसऱ्या कुठल्या तरी गप्पांत सांगतो, की हल्ली रात्री अडीच-तीनला टक्क जाग येते, मग पहाटेपर्यंत कूस बदलत पडावं लागतं. त्याचा दोष तो वयाला देतो, कामाच्या ताणाला देतो, लघवीला देतो. पेगाला देत नाही, कारण पेग आणि जाग यांच्यात चार तास गेलेले असतात आणि त्या चार तासांत तो झोपलेला असतो.

आपल्या भाषेत मात्र या दोन टोकांची गाठ आधीपासूनच आहे. दारू चढते आणि दारू उतरते. चढताना झोप येते, उतरताना जाग येते. हे उतरणं किती वाजता होतं ते घरच्या घरी कसं मोजायचं आणि साधारण पाच आठवड्यांत या पेगापासून बाजूला कसं व्हायचं, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी रात्रभरात काय घडतं ते पाहू

मेंदूत काम मंदावणारं एक रसायन आहे, गाबा. काम चेतवणारं दुसरं, ग्लुटामेट. दारू पहिल्याचा जोर वाढवते आणि दुसऱ्याचा दाबते. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत साचत जाणारं ॲडेनोसिन, ज्याच्यामुळे आपल्याला रात्री पेंग येते, तेही दारूने वाढतं. तीन बाजूंनी ढकलल्यावर डोळा लागणारच.

पण मेंदू गप्प बसत नाही. बाहेरून कोणी दार आत ढकलत असेल तर आतला माणूस तितक्याच जोराने उलट रेटा देतो, तसा तो दारूच्या विरुद्ध रेटा देऊ लागतो. यकृत तिकडे दारूचा निचरा करतच असतं. तीन-चार तासांनी बाहेरचा जोर संपतो, पण आतला रेटा लगेच थांबत नाही. दार धाडकन उलट्या बाजूला उघडतं. रात्री अडीचला डोळे उघडतात ते असे. अशा जागेत माणूस झोपाळलेला नसतो. छाती जरा जास्त धडधडत असते, अंगाला घाम असतो आणि डोक्यात उद्याची कामं रांगेने उभी असतात.

झोपेची रचना पाहिली की नुकसान नेमकं कुठे होतं ते कळतं. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. पूर्वरात्रीच्या फेऱ्यांत गाढ झोपेचा वाटा मोठा असतो. पहाटेकडच्या फेऱ्यांत ती झोप जास्त, जिच्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि लांबलचक स्वप्नं पडतात. तिला रेम झोप म्हणतात. दारू घेतलेल्या रात्री पूर्वार्धात गाढ झोप उलट वाढते. रेम झोप मात्र उशिरा सुरू होते, आणि मात्रा जास्त असेल तर पूर्वार्धात ती कमीही होते. उत्तरार्धात जाग आणि अगदी वरवरची झोप वाढते. लंडनच्या इर्शाद इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांवरच्या अशा अभ्यासांचा आढावा २०१३ साली घेतला होता, त्यातही हेच चित्र आहे: लवकर डोळा लागणं, पूर्वार्ध घट्ट, उत्तरार्ध तुटक. ज्या वेळेला आपण साखरझोप म्हणतो, नेमकी तीच वेळ पेग खाऊन टाकतो.

इथे एक फसवणूक आहे आणि सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते. डोळा लवकर लागला हे आपल्याला जागेपणी कळतं, म्हणून ते लक्षात राहतं. पहाटेची पाच-सहा छोटी जागरणं अर्धवट शुद्धीत होतात, म्हणून ती विसरली जातात. श्रेय पेगाला मिळतं, खर्च वयाच्या नावावर पडतो.

मेंदूबाहेरही काही गोष्टी घडतात. लघवी रोखून धरणारं संप्रेरक दारूमुळे कमी सुटतं, त्यामुळे मूत्राशय लवकर भरतं. त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून घाम येतो. निरोगी रात्री नाडीचे ठोके हळूहळू खाली येतात. दारूच्या रात्री ते पहिले काही तास चढेच राहतात. हे मोठ्या मात्रेपुरतं नाही. फिनलंडमधल्या ४,०९८ नोकरदारांच्या हृदयाच्या नोंदी झोपेच्या पहिल्या तीन तासांत तपासल्या, तेव्हा थोड्या मात्रेनेही शरीराच्या विश्रांतीत घट दिसली होती. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शिवाय घशाचे स्नायू सैल पडतात. घोरणाऱ्याचं घोरणं वाढतं आणि ज्याचा श्वास झोपेत मधूनमधून अडतो त्याचा तो जास्त वेळा आणि जास्त वेळ अडतो.

आणखी एक. डोळा लवकर लागण्याचा फायदा रोज घेतल्यास काही रात्रींतच विरत जातो. उत्तररात्रीचा तुटकपणा तसा विरत नाही. मग माणूस तीसचे साठ करतो, साठचे नव्वद, आणि प्रत्येक वाढीबरोबर उतरण्याची वेळ पहाटेच्या अधिक जवळ सरकते.

पायरी पहिली: हे तुम्ही एकट्याने करायचं आहे का, ते ठरवा

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. फक्त झोपेपुरता एक-दोन पेग घेणाऱ्याला पुढची पद्धत चालते. पण रोजची दारू बरीच असेल, सकाळी हात थरथरत असतील, ती थरथर थांबवायला सकाळीच घोट लागत असेल, किंवा पूर्वी दारू सोडताना फिट आली असेल, भास झाले असतील, तर घरच्या घरी दारू एकदम बंद करणं धोक्याचं आहे. अशा माणसाला शेवटच्या घोटानंतर पहिल्या दिवसातच थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सुमारास भ्रमाची अवस्था येऊ शकते. तिच्यात जीवही जातो. त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबावं. तिथे यासाठी चांगली औषधं आहेत.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. झोपेची गोळी, चिंतेवरची गोळी, अफूच्या जातीची वेदनाशामकं, सर्दीवरची गुंगी आणणारी औषधं यांपैकी काहीही चालू असेल आणि त्यावर पेगही घेतला जात असेल, तर तो आजच थांबवायला हवा. या औषधांची आणि दारूची गुंगी एकमेकींवर चढते आणि श्वास मंदावतो. मात्र गोळी आपणहून बंद करू नका. नियमित घेतलेली झोपेची किंवा चिंतेवरची गोळी एकाएकी सोडली तर तिचाही त्रास होतो. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकदम सांगा. लोक गोळी सांगतात आणि पेग लपवतात.

पायरी दुसरी: ‘एक पेग’ म्हणजे किती ते मोजा

घरी ओतलेला पेग कधीच मोजलेला नसतो. सुरुवातीला एकदा रोजच्या हाताने, रोजच्या ग्लासात, रोजच्याइतकं ओता आणि पाणी-बर्फ घालण्याआधी ते औषधाच्या मापात किंवा स्वयंपाकाच्या मापाच्या कपात मोजा. ‘साठ’ म्हणणाऱ्यांचे ऐंशी-नव्वद निघणं अगदी नेहमीचं आहे. रुंद बुडाचा ग्लास असेल तर खात्रीच समजा.

मग शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम ते काढा. मिलिलिटरला बाटलीवरच्या टक्क्यांनी गुणा, शंभराने भागा आणि आलेल्या आकड्याला ०.८ ने गुणा. चाळीस टक्क्यांच्या दारूचे ६० मिलि म्हणजे सुमारे १९ ग्रॅम. पाच टक्क्यांची ३३० मिलि बिअर म्हणजे १३ ग्रॅम. बारा टक्क्यांची १५० मिलि वाइन १४ ग्रॅम. ‘मी तर फक्त वाइन घेतो’ या वाक्यात फारसा दम नाही, ते इथे दिसतं.

आता उतरण्याची वेळ. सत्तर किलोच्या माणसाचं शरीर तासाला साधारण ७ ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करतं. कोणाचं थोडं जलद, कोणाचं हळू, पण अंदाजाला हा आकडा पुरतो. कॉफीने, थंड पाण्याच्या अंघोळीने किंवा जेवून घेतल्याने चढलेली दारू लवकर उतरत नाही. आधी जेवलेलं असेल तर ती हळू चढते, इतकंच. सारख्याच वजनाच्या पुरुषापेक्षा बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. त्यामुळे तेवढ्याच मात्रेने तिच्या रक्तातली पातळी जास्त चढते आणि उतरायलाही बहुधा जास्त वेळ लागतो. वय वाढल्यावर पुरुषांचंही तसंच होतं.

ग्रॅमला सातने भागा. जितके तास येतील ते पहिल्या घोटाच्या वेळेत मिळवा. जी वेळ येईल तिच्या अर्धा-एक तास अलीकडे-पलीकडे तुमची रात्रीची जाग असते का, ते पाहा.

एका गृहस्थांची रात्र

हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलं आहे, पण यातलं काहीही दुर्मीळ नाही. गृहस्थ बावन्न वर्षांचे, वजन सत्तर किलो. रात्री दहाला टीव्हीसमोर ‘साठ’ घेतात, अकराला आडवे होतात. मोजलं तर साठचे नव्वद निघाले. ९० मिलि, चाळीस टक्के, म्हणजे २९ ग्रॅम. सातने भागल्यावर चार तासांहून थोडं जास्त. दहाला सुरू केलं तर दोनच्या पुढे उतरलं.

आठवडाभर त्यांनी काहीही न बदलता नोंद ठेवली. अकराला अंथरुणात, दहा मिनिटांत झोप. अडीचला जाग, ती पावणेचारपर्यंत किंवा त्याहून थोडी पुढे, सरासरी ऐंशी मिनिटं. पाचच्या सुमारास आणखी वीस मिनिटं. साडेसहाला उठणं. अंथरुणात ४५० मिनिटं, त्यातली जागेपणी ११०, म्हणजे झोप ३४० मिनिटं. शंभरात पंचाहत्तर. झोपेचे डॉक्टर साधारण पंच्याऐंशीच्या वरचा आकडा बरा मानतात.

सगळ्यात बोलका आकडा मात्र पहिला आहे, ती दहा मिनिटं. गृहस्थ स्वतःला ‘झोप न लागणारा’ समजतात. वहीप्रमाणे त्यांना झोप लागण्याचा त्रासच नाही. त्यांची झोप टिकत नाही.

पायरी तिसरी: वही, आणि घड्याळ भिंतीकडे

तुम्हीही आधी एक आठवडा काही न बदलता नोंद करा. लगेच थांबण्याची घाई झाली तरी हा आठवडा सोडू नका, कारण पुढे वाईट रात्री येणार आहेत. त्या वेळी ‘पेगावर मी छान झोपत होतो’ असं मन सांगायला लागतं, आणि ते खोटं आहे हे दाखवायला वहीशिवाय दुसरं काही हाताशी नसतं.

रोज सकाळी उठल्यावर पाच गोष्टी लिहा: काय आणि किती मिलि घेतलं, पहिला व शेवटचा घोट किती वाजता, डोळा लागायला किती वेळ गेला, मध्ये किती वेळा जाग आली व एकूण किती वेळ, आणि सकाळी कसं वाटतंय ते एक ते पाच गुणांत. नोंद अंदाजानेच करायची. रात्री घड्याळ बघून करायची नाही. ‘अडीच वाजले, आता चारच तास उरले’ हा हिशेब सुरू झाला की उरलीसुरली झोपही जाते. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत.

नाडी मोजणारं मनगटी घड्याळ असेल तर त्याने दाखवलेल्या ‘गाढ झोप इतकी, रेम इतकी’ या आकड्यांवर फार विसंबू नका. त्यात चुका बऱ्याच असतात. ठोक्यांचा आलेख मात्र उपयोगी पडतो. कोरड्या रात्री तो बहुधा लवकरच खाली येतो. पेगाच्या रात्री पहिले दोन-तीन तास वरच अडकून राहतो आणि उतरतो तो उत्तररात्री. दोन आलेख शेजारी ठेवून पाहिले की मला वेगळं काही समजावावं लागत नाही.

पायरी चौथी: आधी मात्रा खरी करा, मग वेळ मागे न्या, मग थांबवा

रोजचा पेग तीस-साठच्या आत असेल आणि पहिल्या पायरीतलं काही लागू नसेल, तर एकदम थांबवलंत तरी चालतं. काहींना ते सोपंही जातं. पण बऱ्याच जणांचा पहिल्याच रात्रीच्या तळमळीने धीर सुटतो, म्हणून मी टप्प्याटप्प्याने जाण्याच्या बाजूचा आहे.

दुसऱ्या आठवड्यात माप ठेवूनच ओतायचं आणि शेवटचा घोट आठच्या आत संपवायचा. त्यानंतर ग्लास धुऊन बाटली नजरेआड करायची. आपल्या गृहस्थांनी खरेखुरे ६० मिलि साडेसातला घेतले. डोळा लागायला तीस मिनिटं लागली. जाग आता तीनच्या पुढे आली आणि पाऊण तासात मोडली. सुधारणा झाली, पण जाग गेली नाही.

हिशेबाप्रमाणे सव्वादहालाच दारू उतरली होती, मग तरीही जाग का? झोपेच्या सहा तास आधी, संध्याकाळी दारू देऊन केलेला एक प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यातले पुरुष प्रौढ, निरोगी होते. अंथरुणात जाताना त्यांच्या शरीरात अल्कोहोल उरलेलं नव्हतं. तरी रात्रीच्या उत्तरार्धातली त्यांची जाग जवळपास दुपटीने वाढली. म्हणजे उतरण्याची वेळ काढण्याचा माझा हिशेब उपयोगी आहे, पण पुरता नाही. दारू निघून गेली तरी तिने मागे ठेवलेला उलटा रेटा काही तास टिकतो. ‘झोपेच्या तीन तास आधी घेतली की काही होत नाही’ असं जे सर्रास सांगितलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. कमी होतं, एवढंच म्हणता येईल.

तिसऱ्या आठवड्यात ३० मिलि, वेळ तीच. चौथ्या आठवड्यापासून काही नाही. इथे दोन पळवाटा असतात. एक म्हणजे बाटलीतली दारू संपवून ‘फक्त बिअर’वर येणं. वर आपण पाहिलं, एक बिअर म्हणजे १३ ग्रॅम, तीस मिलिपेक्षा जास्तच. दुसरी पळवाट जास्त वाईट: रात्री जाग आल्यावर पुन्हा झोप लागावी म्हणून छोटा घोट घेणं. तीनला घेतलेले ३० मिलि साडेचारच्या सुमारास उतरतात, म्हणजे तीच कहाणी पहाटेला पुन्हा सुरू होते. आणि आधीचा पेग मोठा असेल तर सकाळी गाडी चालवताना रक्तात दारू उरलेली असू शकते.

दुपारचा चहा-कॉफीही याच आठवड्यांत मागे न्यावा लागतो. रात्र तुटलेली, म्हणून दुपारी-संध्याकाळी कॅफीन जास्त, ते रात्री अकरालाही अंगात शिल्लक, म्हणून झोपायला पेग. हे चक्र इतकं नेहमीचं आहे, की फक्त पेग काढून कॅफीन तसंच ठेवणाऱ्याला ‘पेगाशिवाय मला झोप येतच नाही’ असा अगदी प्रामाणिक पुरावा मिळतो. कॅफीनची मात्रा अर्ध्यावर यायला सुमारे पाच तास लागतात. शेवटचा कप दुपारी बाराच्या आसपास ठेवा.

पायरी पाचवी: पहिल्या कोरड्या रात्री

पेग थांबल्यावर पहिल्या काही रात्री झोप बिघडते. अपवाद असतील, पण हे गृहीत धरूनच चला. मेंदूचा उलटा रेटा अजून रोजच्या सवयीने येतो आणि त्याला दाबणारं आज काही नसतं. गृहस्थांना पहिल्या रात्री डोळा लागायला पंचावन्न मिनिटं लागली, दुसऱ्या रात्री पन्नास, तिसऱ्या रात्री सत्तर. दाबून ठेवलेली रेम झोप उसळून वर आल्यामुळे स्वप्नंही विचित्र, ठळक, कधी भीतीदायक पडतात. त्यांचा अर्थ लावत बसू नका, ती थकबाकीची वसुली आहे. याच तिसऱ्या-चौथ्या रात्री लोक माघारी वळतात. ‘पाहिलंत, पेगाशिवाय झोप नाही,’ असं म्हणतात. खरं तर ती झोप पेगामुळेच बिघडलेली असते.

या रात्रींसाठी एक साधी पद्धत आहे, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बुट्झिन यांनी ती १९७२ साली मांडली. झोप आल्याशिवाय अंथरुणात जायचं नाही. पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी संथ, कंटाळवाणं करायचं आणि पेंग आली की परत जायचं. हे रात्री पाच वेळा करावं लागलं तरी करायचं. सकाळी मात्र ठरल्या वेळीच उठायचं, रात्र कितीही वाईट गेली असली तरी, आणि दिवसा डुलकी घ्यायची नाही. अवघड आहे. यामागचा विचार असा, की तळमळत पडून राहिल्याने अंथरुणाचं आणि जागरणाचं नातं घट्ट होत जातं. ते तोडायचं असतं.

झोप भरून काढायला रात्री नऊलाच आडवं होणं, ही सगळ्यात नेहमीची चूक. अंथरुणात जास्त वेळ गेला की झोप पातळ होऊन तेवढ्या वेळावर पसरते आणि मधली जाग वाढते. उलट, गृहस्थांनी या आठवड्यात मुद्दाम साडेअकराला अंथरुणात जायला सुरुवात केली. उठायची वेळ तीच, साडेसहा. दिवसभर पेंग आली, पण ती रात्री कामी आली. ज्याला कामात यंत्र किंवा दिवसभर गाडी चालवायची आहे त्याने हा आठवडा सुट्टीला जोडून निवडावा, आणि पेंगत गाडी तर चालवूच नये.

कोणाच्या तरी कपाटातली झोपेची गोळी पेगाच्या जागी घेऊ नका. पहिल्या पायरीतला धोका तर आहेच, शिवाय एका सवयीच्या जागी दुसरी येते. पेगाच्या जागी काहीतरी हवंच असेल तर ते वेळ भरणारं असावं. बऱ्याच जणांना दारूपेक्षा ‘दिवस संपला’ ही खूण हवी असते: ठरलेली खुर्ची, हातात ग्लास, वीस मिनिटं कोणी बोलवायचं नाही. तीच खुर्ची, तीच वीस मिनिटं, ग्लासात दुसरं काहीही. माझ्या पाहण्यात हे हसण्यावारी नेणाऱ्यांनाच ते जास्त लागू पडतं.

पायरी सहावी: वही वाचणं

एकेक रात्र वाचू नका, आठवडे शेजारी ठेवा. गृहस्थ पाचव्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा अकरा ते साडेसहावर आले होते. डोळा लागायला पंचवीस मिनिटं. मधली जाग सगळी मिळून वीस मिनिटं, तीही बहुतेक लघवीपुरती. ४५० मधून ४५ वजा, झोप ४०५. शंभरात नव्वद. झोप लागायला त्यांना आधीपेक्षा पंधरा मिनिटं जास्त लागत होती आणि मधली जाग ऐंशी मिनिटांनी कमी झाली होती. त्यांना स्वतःला मात्र, वही न बघता विचारलं तर, ‘झोप जरा उशिरा लागते’ एवढंच जाणवत होतं.

आता असंही होईल, की दोन-तीन आठवडे काहीही न घेता जाग तशीच राहील. मग कारण दुसरं आहे आणि पेगाने ते झाकलं होतं. जोडीदार सांगत असेल, की घोरता घोरता श्वास थांबतो आणि दचकून परत सुरू होतो, सकाळी डोकं जड असतं, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो, तर झोपेत श्वास अडण्याची तपासणी करून घ्या. ती रात्रभराची तपासणी आता घरी यंत्र नेऊनही होते. दर दोन तासांनी लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि पुरुषांत प्रोस्टेट पाहायला हवं. छातीत जळजळ होऊन जाग येत असेल तर आम्लपित्त. रोज पहाटे चारला उदास जाग, कशातच रस नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर नैराश्याबद्दल डॉक्टरांशी बोला. आणि यांपैकी काहीच नसेल, पण निद्रानाश तीन महिन्यांहून जुना असेल, तर त्याच्यासाठीची खास वर्तनोपचार पद्धत आहे, सीबीटी-आय नावाची. वीस मिनिटांचा नियम आणि अंथरुणातला वेळ कमी करणं हे तिचेच दोन भाग. जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी ती सुचवली जाते. डॉक्टरकडे जाताना वही घेऊन जा, त्यातला पेगाचा रकाना न खोडता.

राहता राहिला कधीतरीचा पेग, समारंभातला. तो झोपेसाठी नसतो, म्हणून त्याचा नियमही वेगळा: ग्रॅम काढा, सातने भागा, आणि उतरण्याची वेळ झोपण्याच्या बऱ्याच आधी येईल असं बघा. नाही जमलं तर त्या रात्री अडीचला डोळे उघडतील तेव्हा कारण शोधत बसू नका. लघवी करून या, थोडं पाणी प्या, घड्याळाकडे न बघता पुन्हा आडवे व्हा, आणि सकाळी वहीत मिलि लिहा.